विड्या वळणाऱ्या बायकांची प्रश्नावली: उलटी वाक्यं काढावीत का?

अशोकचौक: एमएच्या प्रबंधासाठी सोलापुरातल्या १२० विडी कामगार बायकांकडून कामाच्या समाधानावर आठ वाक्यं भरून घेतली. चार सुलटी, म्हणजे समाधान सांगणारी, आणि चार उलटी, म्हणजे असमाधान सांगणारी. उत्तरं १ ते ५, ५ म्हणजे पूर्ण सहमत. वाक्यं मीच वाचून दाखवली. वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रोनबाखचा आल्फा ०.३८ आला. उलटी चार काढली की ०.७९ होतो. मार्गदर्शक म्हणतात काढून टाक. काढू का?

जुनीमिल: बिनधास्त काढ. दिवसभर विड्या वळून दमलेल्या बाईला फिरवून फिरवून विचारायचं कशाला? उलट्या वाक्यांनी गोंधळ होतो हे जुनं दुखणं आहे. १९८५ मध्ये श्मिट आणि स्टल्ट्स यांनी बनावट विदा तयार करून दाखवलं की दहा टक्के लोकांनी जरी उलटी वाक्यं नीट न वाचता उत्तरं दिली, तरी ती वाक्यं वेगळाच घटक म्हणून बाजूला पडतात.

आकडेमोड: थांब, आधी एक तपास. उलट्या वाक्यांचे गुण फिरवलेस का, म्हणजे ६ वजा उत्तर? ते राहून गेलं असेल तर त्या वाक्यांचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध उणे येतो.

अशोकचौक: फिरवले आहेत. उणे नाही, पण ०.१ च्या आसपास. आणि १२० पैकी ३४ जणींनी आठही वाक्यांना ४ किंवा ५ दिलेत.

टॉवेलवाला: असा फॉर्म मीही भरलाय, आमच्या कारखान्यात. सुपरवायझर शेजारी उभा होता. मी सगळीकडे ५ केलं नि पुन्हा मागावर गेलो. मध्ये 'इथे २ वर खूण करा' असं वाक्य टाका, न वाचणारे लगेच सापडतील. उलटी वाक्यं त्यासाठीच असतात ना?

आकडेमोड: नाही दादा, ते वाक्य फक्त लक्ष आहे की नाही एवढंच सांगतं. तुम्ही ५ केलं ते न वाचल्यामुळे नव्हे, तिथं 'नाही' म्हणायची सोय नव्हती म्हणून. या बायकांनी तर वाक्यं ऐकून उत्तरं दिलीत. दारात आलेल्या शिकलेल्या मुलीला 'व्हय की' म्हणायचं, हा होकार वेगळा. आणि ०.७९ वर भुलू नका. सगळी वाक्यं एकाच दिशेची असली की होकाराची सवय प्रत्येक वाक्यात सारखी शिरते, आणि आल्फा त्या सारखेपणालाही सुसंगती समजून वर जातो.

दोन बायका घ्या. पहिलीचे सुलट्या वाक्यांना ५, ५, ४, ५ आणि उलट्यांना ४, ४, ५, ४. दुसरीचे सुलट्यांना चारही ४, उलट्यांना चारही २. फक्त सुलटी ठेवली तर पहिली १९, दुसरी १६. म्हणजे पहिली जास्त समाधानी. आठही घेऊन उलटी फिरवली तर पहिली २६, दुसरी ३२. क्रमच उलटा झाला. पहिली प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती, हे त्या चार वाक्यांशिवाय कळलंच नसतं.

जुनीमिल: गणित मान्य. पण उलटं वाक्य तिला समजलंच नसेल तर? मग ते २६ तरी कशाचे?

आकडेमोड: हा मुद्दा खरा आहे. अशोकचौक, एखादं उलटं वाक्य जसंच्या तसं टाक.

अशोकचौक: 'या कामात मला समाधान वाटत नाही.' चारही अशीच, शेवटी 'नाही'.

आकडेमोड: इथंच घोटाळा आहे. हे वाक्य ऐकून बाई 'नाही' म्हणाली, तर 'नाही, समाधान वाटत नाही' की 'नाही, तसं नाही, समाधान आहे'? मराठीत दोन्ही चालतं. तू १ वर खूण केलीस तर पहिल्या अर्थाच्या बाईचं उत्तर साफ उलटं पडलं. वाक्य उलटं हवं, नकारार्थी नको. 'पानं कातरायला बसायचं म्हटलं की जीवावर येतं' असं विचार. त्याला 'व्हय' म्हटलं की अर्थ एकच.

पूर्वभाग: आमच्या घरात आई, मावशी दोघी विड्या वळतात. घरात तेलुगू बोलतो. तुमच्या १२० पैकी किती जणींना वाक्य तेलुगूत सांगितलं, आणि कुणी?

अशोकचौक: बऱ्याच जणींना. शेजारची मुलगी त्या क्षणी सांगायची. ती काय बोलली ते लिहून ठेवलं नाही.

जुनीमिल: मग त्या ३४ तरी गाळ.

आकडेमोड: मी गाळणार नाही. होकाराची सवय कमी शाळा झालेल्यांत जास्त दिसते. त्यांना गाळलंस की उरलेला नमुना जास्त शिकलेल्या बायकांचा होतो, आणि प्रबंध विडी कामगारांचा राहत नाही. प्रत्येकीच्या आठ मूळ उत्तरांची सरासरी तिच्या प्रत्येक उत्तरातून वजा करून बघ. हो म्हणायची सवय बरीचशी निघून जाते. मात्र 'नाही'मुळे पडलेली चूक त्यानं निघणार नाही.

जुनीमिल: आणि जिनं आठही वाक्यांना ४ दिलेत तिचं आठही ठिकाणी शून्य उरेल. त्या शून्याचा अर्थ काय लावायचा?

आकडेमोड: तिचं मत आपल्याला कळलं नाही, एवढाच. 'मध्यम समाधानी' असं लिहू नये.

अशोकचौक: चारही वाक्यं 'नाही' काढून नव्यानं लिहिते. त्या ३४ पैकी जितक्या भेटतील तितक्यांकडे परत जाते. पूर्वभाग, तेलुगू वाक्यं आधी लिहून देते, तुमच्या मावशींना वाचून दाखवाल का?

पूर्वभाग: रविवारी या. त्या दिवशी माल द्यायला जायचं नसतं.