दिनदर्शिका २०२७, जूनचे पान: २१ तारीख की २२?

प्रेषक: मृणाल (दिनदर्शिका समिती)

सर्वांना नमस्कार,

आपल्या मेलबर्नच्या दिनदर्शिकेतील जूनच्या पानाचे प्रूफ काल परत आले आणि त्यात ‘वर्षातील सर्वांत लहान दिवस’ ही ओळ २२ जूनच्या चौकटीत आहे. २०२४, २०२५ आणि २०२६ या तिन्ही वर्षी आपण ती २१ जूनला छापली होती, त्यामुळे दोन सभासदांनी ही छपाईची चूक असल्याचे कळवले. त्याच चौकटीत ‘हिवाळा सुरू’ असेही छापलेले आहे आणि १ जूनच्या चौकटीतही तेच शब्द आहेत. एका पानावर हिवाळा दोनदा सुरू होऊ शकत नाही. गुरुवारी सकाळी पाने छापखान्यात जाणार आहेत, तेव्हा ज्यांना निश्चित माहिती आहे त्यांनी बुधवार रात्रीपर्यंत लिहावे.

मृणाल

---

प्रेषक: वसंतकाका

मृणाल,

दिनदर्शिकेचे काम अकरा वर्षे माझ्याकडे होते, म्हणून आधीच सांगतो की ती ओळ २१ जूनलाच ठेवावी. पुण्याहून मागवलेल्या पंचांगाशी मी आजच ताडून पाहिले, त्यात सायन दक्षिणायनाचा आरंभ २१ जून २०२७ रोजी दिलेला आहे. शिवाय वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे असते, आणि चार वर्षांनी लीप दिवस आला की हिशोब पुन्हा जिथल्या तिथे येतो. मधल्या वर्षांत काही तास इकडेतिकडे होतात, परंतु त्यासाठी तारीख बदलण्याची पद्धत माझ्या वेळी नव्हती.

वसंत

---

प्रेषक: शिल्पा

काकांच्या म्हणण्याला माझ्या अनुभवाचाही आधार आहे. मी रोज संध्याकाळी पाच वाजता ट्रामने घरी निघते. जूनच्या मध्यापासूनच संध्याकाळचा उजेड थोडा थोडा जास्त वेळ टिकतो, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आले आहे. २२ जूनपर्यंत दिवस लहानच होत राहिला असता, तर तसे दिसले नसते. माझ्या मते २१ ही तारीखसुद्धा उशिराची आहे.

शिल्पा

---

प्रेषक: हेमंत

मृणालताई, प्रूफ बरोबर आहे. कारण सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा येणार नाही.

अयनबिंदू हा दिवस नसून एक क्षण असतो. सूर्य जास्तीत जास्त उत्तरेला पोहोचतो आणि दक्षिणायन सुरू होते तो हा क्षण, आणि तो सगळ्या पृथ्वीसाठी एकच असतो. तारीख मात्र आपल्या घड्याळावर ठरते. मेलबर्नच्या घड्याळाप्रमाणे हा क्षण २०२३ मध्ये २२ जूनला रात्री १२ वाजून ५८ मिनिटांनी आला होता. २०२४ मध्ये तो २१ जूनला सकाळी ६:५१ ला, २०२५ मध्ये दुपारी १२:४२ ला आणि २०२६ मध्ये संध्याकाळी ६:२५ ला आला. दर वर्षी तो पावणेसहा तासांहून थोडा अधिक पुढे सरकतो. २०२६ च्या वेळेत तेवढे मिळवले की मध्यरात्र ओलांडली जाते आणि २०२७ मध्ये तो क्षण २२ जूनला रात्री १२ वाजून ११ मिनिटांनी येतो. २०२८ च्या फेब्रुवारीत एक दिवस जास्त असल्यामुळे तारीख मागे येते आणि क्षण २१ जूनला सकाळी सहाच्या सुमारास पडतो.

काकांनी सांगितलेले तत्त्व योग्य आहे, परंतु हिशोब तंतोतंत जिथल्या तिथे येत नाही. एका जूनच्या अयनबिंदूपासून पुढच्यापर्यंत सरासरी ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे लागतात. सहा तासांना बारा मिनिटे कमी पडतात, म्हणून चार वर्षांनी एक दिवस वाढवताना आपण पाऊण तासापेक्षा थोडे जास्तच देऊन बसतो. तो फरक वरच्या आकड्यांतच दिसतो, कारण २०२३ मध्ये १२:५८ होते आणि २०२७ मध्ये १२:११ आहे. २०३१ मध्ये हा क्षण मध्यरात्रीच्या अलीकडे, २१ जूनला रात्री सव्वाअकराच्या सुमारास येईल. याचा अर्थ मेलबर्नमध्ये २२ जूनची ही शेवटची वेळ आहे, या शतकात ती तारीख पुन्हा येणार नाही. २१०० हे लीप वर्ष नसल्यामुळे सगळे एक दिवस पुढे ढकलले जाईल आणि त्यानंतर २२ जून परत दिसू लागेल.

राहिला पुण्याच्या पंचांगाचा प्रश्न. आपल्याकडे रात्रीचे १२:११ वाजलेले असतील तेव्हा पुण्यात २१ जूनच्या संध्याकाळचे ७:४१ वाजलेले असतील. पंचांग पुण्यासाठी बरोबर आहे आणि आपले प्रूफ मेलबर्नसाठी.

हेमंत

---

प्रेषक: अभिजित (पर्थ)

हेमंतराव, हीच दिनदर्शिका आम्हीही चाळीस प्रती मागवतो, त्यामुळे लिहिणे भाग आहे. तुमच्या हिशोबाने पर्थमध्ये त्या वेळी २१ जूनच्या रात्रीचे १०:११ वाजलेले असतील आणि ॲडलेडमध्ये ११:४१. म्हणजे एकाच देशात ही ओळ निम्म्या सभासदांसाठी चुकीची ठरते. चतुर्थीच्या चंद्रोदयाबाबत दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते आणि तेव्हा आमच्या वेळा शेवटी तळटीपेत गेल्या. या वेळी तळटीप नको, चौकटीतच दोन्ही तारखा याव्यात.

अभिजित

---

प्रेषक: वसंतकाका

हेमंत,

पुण्याच्या वेळेचा मुद्दा मान्य आहे. मात्र ‘तारीख मागे मागे येते’ हे मला पटत नाही. माझ्या लहानपणी संक्रांत १४ जानेवारीला ठरलेली असे, आता बऱ्याच वर्षी ती १५ ला येते. सूर्य तोच आणि वर्षही तेच, मग संक्रांत पुढे जात असताना अयन मागे कसे येईल? तू दिलेल्या वेळांतही एक विसंगती आहे. २०२४ ते २०२५ हे अंतर ५ तास ५१ मिनिटे येते आणि २०२५ ते २०२६ हे ५ तास ४३ मिनिटे. वर्ष दर खेपेला निराळ्या लांबीचे कसे असेल?

वसंत

---

प्रेषक: हेमंत

काका,

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. संक्रांत आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो, म्हणजे सूर्य ताऱ्यांमध्ये पुन्हा त्याच ठिकाणी आला की वर्ष पूर्ण झाले असे धरतो. ते वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचे असते. ऋतूंचे वर्ष त्यापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान असते, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश फिरतो आणि संपातबिंदू दर वर्षी किंचित मागे सरकतात. सहा तासांपेक्षा एक वर्ष नऊ मिनिटांनी मोठे आणि दुसरे बारा मिनिटांनी लहान, म्हणून संक्रांत हळूहळू पुढे जाते आणि अयन मागे येते. आपण दोघेही बरोबर पाहत आहोत, फक्त वर्षे दोन निराळी आहेत.

दुसरे असे की पृथ्वी एकटी फिरत नाही. पृथ्वी आणि चंद्र मिळून त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि इतर ग्रहही त्यांना थोडे ओढतात, त्यामुळे तो क्षण काही मिनिटे अलीकडे किंवा पलीकडे होतो. म्हणूनच आधीच्या वर्षाच्या वेळेत ५ तास ४८ मिनिटे मिळवून दिनदर्शिका तयार करू नये, विशेषतः वेळ मध्यरात्रीच्या इतकी जवळ असताना. त्या त्या वर्षाची गणित केलेली वेळच घ्यावी.

शिल्पाताईंचे निरीक्षण अगदी खरे आहे, परंतु ते सूर्यास्ताचे आहे, दिवसाच्या लांबीचे नाही. मेलबर्नमध्ये सर्वांत लवकरचा सूर्यास्त जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी. संध्याकाळ लांबू लागलेली असते तेव्हा सकाळ अजून आखडतच असते.

हेमंत

---

प्रेषक: गौरी (मराठी शाळा)

माझी अडचण वेगळी आहे. शाळेची मुले दर वर्षी सर्वांत लहान दिवशी मैदानात एक मीटरची काठी रोवून दुपारी बरोबर बारा वाजता तिची सावली मोजतात. २१ जूनला सोमवार आहे आणि २२ ला मंगळवार, आणि मैदान मला एकाच दिवसासाठी मिळेल. ‘सर्वांत लांब सावली’ मुलांना कोणत्या दिवशी दाखवू?

गौरी

---

प्रेषक: हेमंत

गौरीताई,

कोणताही दिवस घ्या, आणि बाराऐवजी १२ वाजून २२ मिनिटांनी मोजा, कारण मेलबर्नमध्ये सूर्य त्या सुमारास बरोबर उत्तरेला येतो. सावली दोन्ही दिवशी सुमारे १ मीटर ८२ सेंटिमीटर भरेल. तुमच्या प्रश्नामुळे एक गोष्ट मात्र लक्षात आली, ती आधीच लिहायला हवी होती. सोमवारची दुपार त्या क्षणाच्या ११ तास ४९ मिनिटे आधी आहे आणि मंगळवारची दुपार १२ तास ११ मिनिटे नंतर. म्हणजे अयनबिंदू २२ तारखेला असला, तरी सर्वांत लहान दिवस केसभराच्या फरकाने २१ चाच ठरतो. हा फरक एका सेकंदाच्याही छोट्याशा अंशाचा आहे.

मुलांना खरोखर तारीख शोधायची असेल, तर १ जूनला सावली मोजावी. ती साधारण १ मीटर ७२ सेंटिमीटर असेल. मग जुलैत पुन्हा तेवढीच सावली कधी येते ते पाहावे. ती १२-१३ जुलैच्या आसपास येईल आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये अयनबिंदू सापडेल. अगदी टोकाशी सावली जवळजवळ स्थिर असते, म्हणून तिथे मोजून काही कळत नाही.

हेमंत

---

प्रेषक: विद्याधर

‘हिवाळा सुरू’ या ओळीकडे कोणी पाहिलेच नाही. न्यू जर्सीत आम्ही नऊ वर्षे होतो. तिथल्या दिनदर्शिकांत ऋतू अयन आणि संपातावरच सुरू होतात, म्हणून मला २२ जूनची ओळ योग्य वाटते. १ जूनला आकाशात काहीच घडत नाही.

विद्याधर

---

प्रेषक: शिल्पा

विद्याधरराव, येथील हवामान खाते १ जूनपासूनच हिवाळा धरते, मुलांच्या शाळेतही तेच शिकवतात. पाऊस आणि तापमान यांच्या नोंदी पूर्ण महिन्यांच्या असतात, म्हणून जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने एकत्र घेतले की तुलना सोपी जाते. येथे सर्वांत थंड महिना जुलै असतो आणि तो त्या तीन महिन्यांच्या मध्यावर येतो. तुमच्या पद्धतीने हिवाळा २३ सप्टेंबरपर्यंत चालेल, पण तोपर्यंत माझ्या अंगणातला जर्दाळू फुलून गेलेला असतो.

शिल्पा

---

प्रेषक: विद्याधर

जर्दाळूवरून ऋतू ठरवायचा असेल, तर मग आपल्या सहा ऋतूंचे काय करायचे? वसंताला आपण चैत्र-वैशाख म्हणतो, आणि येथे त्या वेळी पानगळ चाललेली असते.

विद्याधर

---

प्रेषक: मृणाल (दिनदर्शिका समिती)

सर्वांचे आभार. २२ जूनच्या चौकटीत ‘दक्षिणायनारंभ, रात्री १२:११ (मेलबर्न)’ असे जाईल आणि २१ जूनच्या चौकटीत ‘दक्षिणायनारंभ, रात्री ११:४१ (ॲडलेड), १०:११ (पर्थ)’. ‘सर्वांत लहान दिवस’ हे शब्द दोन्ही चौकटींवर आडवे छापून घेते. काका, पुण्याच्या पंचांगातील मार्च, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या वेळाही मला पाठवाल का? हेमंतरावांकडून त्या येथील घड्याळात बदलून घेते. ‘हिवाळा सुरू’ सध्या १ जूनलाच ठेवला आहे, विद्याधररावांचा आक्षेप समितीच्या पुढच्या बैठकीत घेऊ.

मृणाल

---

प्रेषक: वसंतकाका

पाठवतो. सप्टेंबरच्या पानावर उन्हाळी वेळ सुरू व्हायची असते आणि मार्च आणि डिसेंबरच्या पानांवर ती चालू असते, तेव्हा त्या दोन्ही वेळांत एक तास अधिक मिळवायला विसरू नकोस. एका वर्षी मी तो विसरलो होतो आणि सगळ्या प्रतींवर चिकटपट्टी लावावी लागली होती.

वसंत