एका खोलीचा करार

> ओळखीचाच मुलगा आहे, एका खोलीसाठी करार हवाच का?

हवाच, आणि नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी, तुम्ही खोट्या ठरवेपर्यंत, खऱ्या धरतात. लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात नुसतं ‘फ्लॅट’ लिहू नका. ‘दारातून डावीकडची खोली, स्वयंपाकघर सामाईक, पार्किंग वगळून’ असं स्पष्ट लिहा. माझ्या पहिल्या करारात पार्किंगचा उल्लेखच राहिला आणि महिन्याभरात भाडेकरूची गाडी तिथे उभी राहू लागली.

आयकर विवरणपत्रात भाडं घरमालमत्तेच्या उत्पन्नात दाखवा. महिना १०,००० म्हणजे वर्षाचे १,२०,०००. त्यातून सरसकट ३० टक्के, म्हणजे ३६,००० वजा होतात. रंगकाम, दुरुस्ती मात्र वेगळी वजा होत नाही.