सासूबाई बोट देत नाहीत: स्मृतिभ्रंशात साखर तपासतानाचे तुमचे अनुभव लिहा

अमळनेरची सून
सासूबाई ८१ वर्षांच्या. साखर वीस वर्षांपासून, विसरभोळेपणाचं निदान तीन वर्षांपूर्वीचं. रात्री ठरलेलं इन्सुलिन, सकाळी एक गोळी, म्हणून डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर पाहायला सांगितलंय. टोचायचा पेन दिसला की हात पदराखाली जातो. "माले नको टोचू, तू कोन शे?" आधी आम्ही दोघं मिळून हात धरायचो. पण त्यानंतर दोन-दोन दिवस त्या मला अंघोळीलाही जवळ येऊ देत नसत. ते आम्ही बंद केलं.

मग एका सकाळी आकडा आला ३१८. आदल्या रात्री जेवण नेहमीचंच होतं. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात त्यांच्या नखाजवळ काहीतरी चिकट दिसलं. उशीखाली केळीचं साल सापडलं. हात धुवून दुसऱ्या बोटावर पाहिलं तर १७४. केळ खाल्ल्याने थोडी वाढली असेलच, पण ३१८ हा आकडा बोटावरच्या केळाचा होता. त्या आकड्यावर डोस वाढला असता तर काय झालं असतं, याचा विचार अजून सुटत नाही.

तेव्हापासून हात धुणं हाच आमचा कार्यक्रम. ओट्यावर त्यांची जागा ठरलेली. घमेल्यात कोमट पाणी घेते, त्यांचे हात बुडवून दोन-तीन मिनिटं चोळते. त्या कापूस वेचणीच्या गोष्टी सांगतात, मी ऐकते. हात कोरडे पुसले की उजव्या हातात वाती वळायला कापूस देते आणि मी डाव्या बाजूला बसते, समोर नाही. पट्टी तेव्हाच मशीनला लावते, आधी लावली तर मशीन बंद पडतं. अनामिकेच्या कडेला टोचते, मधोमध नाही. हात गरम असला की थेंब आपोआप येतो, दाबावं लागत नाही. "हात पुसते हं आई," एवढंच बोलते.

हात ओढला तर सोडून देते, अंगण झाडून येते. चहा मात्र तोवर देत नाही. दुसऱ्यांदाही नको म्हणाल्या तर वहीत 'नाही' लिहिते. आठवड्यात एक-दोनदा 'नाही' असतं. त्या दिवशी तुम्ही काय करता?

शिरपूरकर
पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, म्हणजे धुवायची भानगडच नाही. बाबांचं मी असंच करतो.

धुळ्याची निवृत्त परिचारिका
शिरपूरकर, पाणी नसेल तेव्हा ते ठीक. पण बोटाला फळ किंवा गूळ लागलेला असेल तर दुसऱ्या थेंबातही साखर येते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावरही विसंबू नका, पाण्यानेच धुवा आणि पूर्ण कोरडं करा.

ताई, 'नाही'च्या दिवसांचं उत्तर डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, मनाने डोस हलवू नका. उपाशीपोटी कितीपर्यंत चालेल तेही विचारा. या वयात आणि या आजारात पुष्कळ डॉक्टर १०० ते १८० चालवून घेतात, कारण साखर खूप खाली जाण्याची भीती जास्त. माझ्या आईला दुपारी बाराला घाम सुटायचा, ती शिव्या द्यायची. आम्हाला वाटायचं आजार वाढला. एकदा तपासलं तर ५४. तेव्हा सकाळच्या नेमापेक्षा अशा वेळची तपासणी मोलाची. बोट देतच नसेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

शहाद्याहून
माझी तीन महिन्यांची साखर ७.१ आहे. मी केळी बंद करू का? घरचीच बाग आहे.

भुसावळकर
आमच्याकडे हात धुवूनही मे महिन्यात आकडे वाट्टेल तसे यायचे. पट्ट्यांची डबी पत्र्याच्या खोलीत, आणि झाकण अर्धवट उघडं. डबीवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलंय, आपल्याकडे तेव्हा ४४. आता डबी माठाजवळच्या कोनाड्यात, ओल लागणार नाही अशी.

पारोळ्याचा, सध्या पुण्यात
वडिलांना दंडावर चौदा दिवसांचा सेन्सर लावला. चौथ्या दिवशी ओढून काढला. पुढचा दंडाच्या मागच्या बाजूला, बंडीच्या बाहीखाली लावला, तो टिकला. खर्च मोठा आहे. आणि त्यांना न सांगता लावला, हे बरोबर की चूक, यावर बहिणीचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

अमळनेरची सून
परिचारिकाताई, दुपारच्या चिडचिडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडेही साडेअकराच्या सुमारास त्या दार वाजवत राहतात, "मना घर जाऊ दे" म्हणतात. आज घमेलं त्याच वेळी घेऊन बसले. आकडा ८८. उद्या पुन्हा पाहते, आठ दिवसांची वही घेऊन डॉक्टरांकडे जाते.