हमीचं ‘नूतनीकरण’, ‘मुदतवाढ’ की ‘वैधता वाढवणे’?

रेवती_खरेदी: पाणीपुरवठ्याच्या कामासाठी पंप देणाऱ्याकडून आम्ही 8 लाखांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी घेतली आहे. ती 30 सप्टेंबर 2025 ला संपते. पंप आले, पण पंपघराचं बांधकाम रखडलं. आता चाचणी 28 फेब्रुवारी 2026 ला होईल असं दिसतं. पुरवठादाराला मी लिहिलं, ‘बँक हमीचे नूतनीकरण करून मुदतवाढ द्यावी’. साहेबांनी ‘नूतनीकरण’वर रेघ मारली. मग काय लिहू?

जुना_लेखापाल: रेघ बरोबर आहे. नूतनीकरण म्हटलं की पुरवठादार नवी हमी काढायला निघतो आणि जुनी आधी परत मागतो. तुम्हाला जुन्याच हमीचं दुरुस्तीपत्र हवंय, म्हणजे बँकेत ज्याला अमेंडमेंट म्हणतात ते.

पण नुसतं ‘मुदतवाढ’ त्याहून घातक. उद्या दंडाचा विषय निघाला की तेच पत्र दाखवून पुरवठादार म्हणेल, ‘तुम्हीच मुदतवाढ दिलीत की’. म्हणून कशाची ते लिहा: ‘बँक हमीची वैधता अमुक तारखेपर्यंत वाढवून घ्यावी’. आणि ‘वाढवून द्यावी’ नको. वाढवणारी बँक, पुरवठादार तिच्याकडून वाढवून *घेतो*.

कोकणी_कंत्राटदार: आमचं काम संपून दोन वर्षं झाली, खातं हमी परत देत नाही, उलट वाढवायला सांगतं. कमिशन आम्ही भरतोय. यावर कुठलं कलम लावायचं?

जुना_लेखापाल: तुमचा प्रश्न उलट बाजूचा आहे, वेगळा धागा काढा. इथे हमी घेणारा बोलतोय.

रेवती_खरेदी: तारीख कोणती टाकू? 28 फेब्रुवारी?

शाखा_ते_शाखा: नाही, तिथेच बहुतेक जण चुकतात. हमी चाचणीपर्यंत नव्हे, वॉरंटी संपेपर्यंत लागते. तुमच्या ऑर्डरमध्ये चाचणीपासून 12 महिने वॉरंटी असेल, तर ती 27 फेब्रुवारी 2027 ला संपते. सरकारी खरेदीच्या नियमांत त्यानंतर 60 दिवस धरतात, म्हणजे 28 एप्रिल. सरळ 30 एप्रिल 2027 मागा. चाचणी आणखी लांबली तर पुन्हा वाढवावी लागेल, ते वेगळं.

मसुदेबाज: आणि त्यावर दावा कालावधी एक वर्ष. करार कायद्याच्या कलम 28 नुसार तो द्यावाच लागतो.

शाखा_ते_शाखा: अर्धं बरोबर. कलम 28 च्या तिसऱ्या अपवादात एक वर्ष आहे खरं, पण दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं की ते कोर्टात जाण्याच्या मुदतीबद्दल आहे, बँकेकडे दावा नोंदवण्याच्या मुदतीबद्दल नाही. तरी काही बँका वर्षाचाच आग्रह धरतात.

रेवतीताई, तुमचं काम यापेक्षा साधं आहे. मूळ हमीपत्र काढून तारीख किती ठिकाणी आहे ते बघा. एकदा मजकुरात असते आणि पुन्हा शेवटच्या ‘वरील मजकुरात काहीही असले तरी’ या परिच्छेदात. तिथेच दाव्याची शेवटची तारीखही असते. दुरुस्तीपत्रात वैधता 2027 झाली आणि दाव्याची तारीख 2025 चीच राहिली, तर वाद तुमच्या वाट्याला येतो. म्हणून पत्रात ‘वैधता’ आणि ‘दावा दाखल करण्याची अंतिम तारीख’ हे दोन्ही शब्द घाला.

रेवती_खरेदी: आता असं लिहिलंय:

‘प्रकल्पाचे काम लांबल्याने आपण सादर केलेल्या बँक हमीची (क्रमांक …, रक्कम रु. 8,00,000) वैधता व दावा दाखल करण्याची अंतिम तारीख, दोन्ही 30 एप्रिल 2027 पर्यंत वाढवून घ्यावी. रक्कम व अन्य अटी कायम राहतील. दुरुस्तीपत्राची मूळ प्रत 10 सप्टेंबर 2025 पर्यंत पाठवावी.’

आधी ‘आमच्याकडून विलंब झाल्याने’ होतं.

जुना_लेखापाल: ते काढलंत ते छान. ‘विलंब’ आला की कोणाचा, हा प्रश्न येतो आणि तुम्ही उत्तरही लिहून दिलं होतंत. ‘लांबल्याने’ कोणाकडे बोट दाखवत नाही. पण पुरवठादार विचारणारच, बांधकाम तुमचं रखडलं, तर वाढीव कमिशन मी का भरू? ऑर्डरमध्ये ‘हमी वेळोवेळी वाढवून द्यावी’ असं कलम असेल तर त्याचा क्रमांक घाला. नसेल तर कमिशनची बोलणी आधी करा, पत्र नंतर.

मसुदेबाज: पत्र मुदतीआधी पोहोचलं की हमी आपोआप चालू राहते ना?

शाखा_ते_शाखा: मुळीच नाही. पुरवठादाराला लिहिलेलं पत्र बँकेला बांधत नाही. 30 सप्टेंबरपर्यंत दुरुस्ती झाली नाही आणि दाव्याची तारीखही तीच असेल, तर त्या दिवसापर्यंत दावा बँकेच्या शाखेत पोहोचायला हवा. पुरवठादाराने पाठवलेल्या स्कॅनवरही विसंबू नका. तुमच्या बँकेकडे `IFN 767COV` हा संदेश आला का ते विचारा. मूळ हमीचा संदेश `IFN 760COV` असतो, दुरुस्तीचा 767.

रेवती_खरेदी: मग ‘अन्यथा हमी जप्त करू’ हे आत्ताच टाकू?

जुना_लेखापाल: ‘जप्त’ अनामतीला. हमी वटवतात, किंवा तिच्यावर दावा करतात. पहिल्या पत्रात मी ते घालत नाही, पंधरा दिवसांनी स्मरणपत्रात घालतो.

शाखा_ते_शाखा: मी पहिल्याच पत्रात घालतो, महिनाच हातात असतो. मात्र हमीपत्राचा मजकूर आधी वाचा. काहींत ‘कराराचा भंग झाल्याचे कळवल्यास’ अशी अट असते. वैधता न वाढवणं हा भंग ठरतो का, ते पुन्हा ऑर्डरमधल्या त्याच कलमावर.