मदत हवी आहे: एकाच कॉलममध्ये खाली खडी उघडी, वर नुसता मसाला

नवा_पर्यवेक्षक: माझ्या देखरेखीखाली २३० × ४५० मिलिमीटर मापाचा आणि तीन मीटर उंचीचा एक कॉलम भरला गेला. फर्मा उघडल्यावर तळाच्या सुमारे ३० सेंटिमीटर भागात खडी उघडी पडलेली दिसली. खडीमधल्या फटींत बोट जाते आणि एका ठिकाणी रिंगही दिसते. उलट माथ्यावर छिन्नी मारली असता जवळजवळ १० सेंटिमीटर खोलीपर्यंत खडीचा एकही दाणा मिळाला नाही, फक्त फिकट मसाला निघाला, आणि तो खिळ्यानेही खरवडला जातो. निम्मा कॉलम एकदम भरून ६० मिलिमीटरची व्हायब्रेटरची सुई वरून सोडली होती, मग उरलेला निम्मा भरून माथ्याशी सुई मिनिटभर धरून ठेवली होती. काँक्रीट बरेच पातळ होते. व्हायब्रेशन कमी झाले की जास्त, हे कृपया सांगावे.

ओळंबा: कमीच झाले. सुई सळईला टेकवून धरावी, म्हणजे थरथर सळईतून थेट तळापर्यंत पोहोचते आणि काँक्रीट सळईला घट्ट धरते. आम्ही अनेक वर्षे असेच करत आलो आहोत.

जुना_साइट_इंजिनिअर: आपल्या कॉलममध्ये दोन्ही झाले आहे, फक्त वेगवेगळ्या उंचीवर. २३० च्या रुंदीतून दोन्ही बाजूंचे कव्हर, रिंगा आणि सळया वजा करा, म्हणजे मोकळी जागा जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास उरते, आणि तळाशी सळयांचे लॅपिंग असल्याने तीही कमी होते. तिथे ६० ची सुई अडकली असणार. शिवाय दीड मीटर काँक्रीट वर पडल्यावर खालची हवा बाहेर यायला वाट राहत नाही. माथ्यावर मात्र तीच सुई पातळ काँक्रीटमध्ये मिनिटभर राहिली, म्हणून जड खडी खाली बसली आणि पाणी व सिमेंटची लापी वर आली. घट्ट काँक्रीट जास्त व्हायब्रेशन बरेच सोसते, पातळ काँक्रीट सोसत नाही. त्यामुळे माझ्या मते खरा दोष आधी पाण्याचा आणि मग सुईचा आहे.

ओळंबा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण थरथर सळईतून दूर जाते हे खरेच आहे. परंतु खालचा थर आवळू लागला असेल, तर तीच थरथर सळईभोवतीची पकड सैल करू शकते, आणि सळईलगत पाणी व बारीक मसाला जमतो. सुई चुकून टेकली तर बिघडत नाही, ती पद्धत करू नये.

पुढच्या कॉलमला ४० ची सुई घ्या आणि थर ४५ सेंटिमीटरचा ठेवा. या मापात एक थर सुमारे ४७ लिटरचा होतो, म्हणून आपल्या घमेल्यात किती मावते ते आधी मोजून घ्या आणि तितकी घमेली पडली की भरणे थांबवा. सुई लांब बाजूच्या दोन्ही टोकांकडे एकेकदा, सरळ उभी आणि झटकन उतरवा. ती खालच्या ताज्या थरात १० ते १५ सेंटिमीटर शिरली पाहिजे. मोठे बुडबुडे थांबले, पृष्ठभागावर ओलसर चकाकी आली आणि सुईचा आवाज एकसारखा झाला की पुरे. बहुतेक वेळा ५ ते १५ सेकंद लागतात. बाहेर काढताना मात्र सावकाश, सेकंदाला साधारण ७ ते ८ सेंटिमीटर, म्हणजे मागचे भोक मिटत येते. भोक तसेच राहिले तर काँक्रीट फार घट्ट आहे किंवा आपण घाई केली आहे.

गच्चीवाला: आमच्या स्लॅबवर काँक्रीट एका जागी ओतून सुईनेच पुढे ढकलत होते, आणि आता तिथे गळती आहे. हाच प्रकार का?

जुना_साइट_इंजिनिअर: सुईने काँक्रीट ढकलले की मसाला पुढे वाहतो आणि खडी मागे राहते, त्यामुळे शक्यता आहे, पण गळतीची कारणे इतरही असतात, म्हणून आपण वेगळा धागा काढावा हे बरे. मूळ प्रश्नकर्त्यांना विचारतो, स्टार्टरपाशी, म्हणजे कॉलमच्या तळाशी आधी भरलेल्या छोट्या भागापाशी, बाहेरच्या बाजूला वाळलेली लापी दिसते का?

नवा_पर्यवेक्षक: होय, एका बाजूला हाताच्या पंजाएवढी पसरलेली आहे. त्याच बाजूला खडी सर्वांत जास्त उघडी आहे.

जुना_साइट_इंजिनिअर: मग त्या बाजूचा दोष निव्वळ व्हायब्रेशनचा नाही. फर्मा आणि स्टार्टर यांच्यामधल्या फटीतून लापी निघून गेली, आणि तिथे सुई जितकी जास्त चालली असती तितकी गळती वाढली असती. फट आधी बुजवा. माथ्यावरचा मसाला खडी नीट दिसेपर्यंत फोडून काढा.

ओळंबा: तळाला वरून गिलावा केला तर चालणार नाही का?

जुना_साइट_इंजिनिअर: नाही, गिलाव्याने पोकळी फक्त झाकली जाते. रिंग दिसते आहे, म्हणजे पोकळी कव्हरच्या आत पोहोचली आहे. सैल खडी काढल्यावर ती सळयांच्या मागेही गेलेली आढळली, तर दुरुस्ती करायची की कॉलम पाडायचा हे स्ट्रक्चरल डिझायनरनेच ठरवावे; आणि आधार दिल्याशिवाय फोडू नये. प्रत्यक्ष न पाहता मी त्याबद्दल मत देणार नाही.

नवा_पर्यवेक्षक: डिझायनरना आजच कळवतो. तोवर त्या कॉलमवर पुढचे काम थांबवले आहे.