भूजलावरच्या शोधनिबंधाला शीर्षक काय द्यावं? नेमकं की वाचावंसं वाटणारं?

मृद्गंध: मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या २४ निरीक्षण विहिरींच्या २००६ ते २०२३ च्या नोंदींवर मराठीत निबंध लिहिला आहे. सरांनी सुचवलेलं शीर्षक असं : ‘अमुक तालुक्यातील खालावती भूजल पातळी : एक चिकित्सक अभ्यास’. (तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही.) मला ते वाचूनच झोप येते. माझ्या मनात ‘पाताळ गाठलेलं पाणी’ आहे. सर म्हणतात, ही काय कथा आहे का? नेमकेपणा राखून वाचकाला आत ओढेल असं काही सुचवा.

तिखटमीठ: एकवीस वर्षं बातम्यांना मथळे देतोय, तेव्हा आगाऊपणा करतो. ‘पाताळ’ ठेवा, ‘चिकित्सक’ काढा. अभ्यास चिकित्सक नसेल तर तो छापायचा कशाला? शिवाय मराठवाडा म्हटलं की ऊस आलाच. ‘उसाने प्यालेलं पाणी’ असं द्या आणि खाली बारीक अक्षरात तालुका, वर्षं. कोण वाचत नाही बघू.

अंकगणिती: मथळा आणि शीर्षक यात फरक आहे हो. २००९ साली ‘नेचर’मध्ये रॉडेल आणि मंडळींचा निबंध आला होता. राजस्थान, पंजाब, हरियाणा मिळून सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गेलं, असं उपग्रहाच्या मोजणीवरून काढलं होतं. एवढी मोठी बातमी, आणि शीर्षक काय? मराठीत सांगायचं तर ‘भारतातील भूजल घटीचे उपग्रहाधारित अंदाज’. ना पाताळ ना ऊस. जगभर वाचला गेला.

माझं मत, शीर्षकात आकडा घाला. आकड्याइतकं ओढणारं दुसरं काही नसतं. मृद्गंध, मे महिन्याची सरासरी किती उतरली?

मृद्गंध: २००६ च्या मेमध्ये सरासरी ८.१ मीटरवर पाणी होतं, २०२३ च्या मेमध्ये ९.४ वर. म्हणजे १.३ मीटर.

अंकगणिती: झालं की. ‘सतरा वर्षांत सव्वा मीटर : अमुक तालुक्यातील भूजल पातळीची घसरण’. नेमकं पण आहे आणि वाचावंसंही.

तिखटमीठ: त्याच २००९ मध्ये, त्याच उपग्रहाच्या नोंदींवर तिवारी आणि इतरांचाही निबंध आला होता, उत्तर भारतावरच. त्याच्या शीर्षकात पहिलाच शब्द ‘आटत चाललेले’ अशा अर्थाचा आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनाही क्रियापदाची चव कळते. तुमचं उदाहरण अर्धंच आहे.

बांधावरून: ताई, पाणी खाली का जातं ते मी सांगतो. आमची विहीर पंचेचाळीस फूट. वडिलांच्या वेळी मेपर्यंत एक मोटर चालायची. आता मार्चमध्येच मोटरच्या पाइपाच्या टोकाचा फुटबॉल उघडा पडतो. मग बोअर घेतलं, तीनशे फुटाला लागलं, चार वर्षांत गेलं. दुसरं सहाशेला. तुमच्या त्या निरीक्षणाच्या विहिरीत डोकावून काय कळणार? पाणी आता विहिरीत नाहीच, बोअरमध्ये आहे. तुम्ही बोअर मोजा.

तिखटमीठ: दादा, त्या शीर्षकाचं विचारतायत, पाण्याचं नाही.

पाषाणभेद: दादांनी प्रश्न चुकीचा वाचला असेल, पण शीर्षकावरचा सगळ्यात कामाचा मुद्दा त्यांनीच मांडला. मी तीस वर्षं या मोजणीतच काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्या काळ्या दगडात वरचा मुरमाचा, भेगाळलेला थर असतो, त्यातलं पाणी विहिरीत उतरतं. खाली टणक पाषाण. त्याखाली कुठे भेग सापडली तर बोअरला पाणी. या दोन थरांचा संबंध काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी जवळजवळ नसतोच. म्हणजे २४ विहिरी मोजल्या तर वरच्या थराची पाणीपातळी कळली. ‘तालुक्याची भूजल पातळी’ म्हटलंत की तुम्ही न मोजलेल्या सहाशे फुटांबद्दलही बोलताय. तेव्हा शीर्षकात ‘विहिरी’ हा शब्द हवाच. नशिबाने तो ‘भूजल’पेक्षा वाचायलाही बरा आहे.

उसाचं म्हणाल तर उपसा मोजलाय का? विहिरीत टेप सोडून कारण मोजता येत नाही. रॉडेलच्या निबंधात आतमध्ये सिंचनाच्या उपशाची चर्चा आहे, शीर्षकात नाही. तिवारींनी क्रियापद वापरलं, पण लगेच कशाने मोजलं तेही सांगितलं.

आता अंकगणितींचा सव्वा मीटर. मृद्गंध, एक विचारतो. विहीर मे महिन्यात कोरडी असेल तर तक्त्यात काय भरलं आहे?

मृद्गंध: नोंदवहीत ‘कोरडी’ लिहिलंय. मी एक्सेलमध्ये तो चौकोन रिकामा ठेवला. २४ पैकी नऊ विहिरी कधी ना कधी कोरड्या आहेत. बहुतेक २०१३, २०१६ आणि २०१९ च्या मेमध्ये.

पाषाणभेद: वाटलंच होतं. तीनच विहिरी घ्या, म्हणजे डोळ्यांना दिसेल. बऱ्या वर्षी पाणी ७ मीटर, ९ मीटर आणि ९.८ मीटरवर. सरासरी ८.६. तिसऱ्या विहिरीचा तळ १० मीटरवर आहे. दुष्काळी वर्षी पहिली ८ वर गेली, दुसरी ९.८ वर, तिसरी कोरडी. रिकामा चौकोन सोडला की सरासरी दोघींचीच, ८.९. म्हणजे घट ३० सेंटिमीटर! पहिली एक मीटरने उतरली, दुसरी ८० सेंटिमीटरने, तिसरीत थेंब नाही, आणि सरासरी म्हणते फूटभर फरक पडला. सगळ्यात वाईट विहीर सगळ्यात वाईट वर्षी हिशेबातून उठून गेली.

तळाचा आकडा भरलात तर ९.२७ येतं. तेही कमीच, कारण खरं पाणी तळाच्या खाली कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा तुमचा १.३ हा आकडा नाही, ‘निदान इतकं’ आहे. २०२३ मध्ये एकही चौकोन रिकामा नसेल तर गोष्ट वेगळी.

मृद्गंध: दोन आहेत रिकामे.

अंकगणिती: मग ‘किमान सव्वा मीटर’ म्हणा.

पाषाणभेद: निबंधात जरूर म्हणा. शीर्षकात ‘किमान’ घातलं की सरकारी निविदा वाचतोय असं वाटतं. आणि सव्वा मीटर ऐकून वाचक काय समजेल? गाळाच्या जमिनीत पातळी मीटरभर उतरली तर बरंच पाणी गेलेलं असतं. आपल्या दगडात पोकळी शेकडा एक-दोन-तीनच. शंभरात दोन धरली तर मीटरभर घट म्हणजे दोन सेंटिमीटर जाडीचं पाणी. पंजाबचा मीटर आणि मराठवाड्याचा मीटर एक नव्हे. म्हणून शीर्षकात ‘साठा’ असं चुकूनही लिहू नका, ‘पातळी’च लिहा.

आणखी एक. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या विहिरी वर्षातून चारदा मोजतात : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुम्ही सगळं मेवरच बोलताय. ऑक्टोबर काय म्हणतो?

मृद्गंध: हे मी निबंधात एका परिच्छेदात उरकलं होतं. ऑक्टोबरमध्ये काहीच कल नाही. दुष्काळी वर्षं सोडली तर विहिरी जवळजवळ पूर्वीइतक्याच भरतात. मार्च थोडा उतरलाय, मे जास्त.

पाषाणभेद: अहो, मग तुमचा निबंध हाच आहे! पातळी ‘खालावती’ नाहीच. विहीर पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्याआधी रिकामी होते, दरवर्षी थोडी लवकर. ‘खालावती’ म्हटलं की वाचकाला वाटतं पाणी एकाच दिशेने खाली चाललंय, जसं पंजाबात. तुमच्याकडे वरखाली होण्याचा पल्ला वाढलाय. मी लिहिलं असतं : ‘ऑक्टोबरात भरणाऱ्या, मेआधी आटणाऱ्या : अमुक तालुक्यातील २४ निरीक्षण विहिरींची पाणीपातळी, २००६–२०२३’.

तिखटमीठ: पाताळ हरलं. पण हे आवडलं. फक्त ‘ऑक्टोबरात’ खटकतं, ‘दसऱ्याला भरणाऱ्या’ करा.

पाषाणभेद: दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो, कधी ऑक्टोबर संपत आल्यावर. मोजणी तिथीने होत नाही.

ग्रंथपालीण: मला हे पटलेलं नाही. शीर्षकातच निष्कर्ष सांगून टाकणं म्हणजे परीक्षकाला आयतं कोलीत. २४ पैकी चार-पाच विहिरी मेमध्येही भरलेल्या असतील, तर तो पहिल्या ओळीवरच बोट ठेवेल. शिवाय पाच वर्षांनी कुणी ‘भूजल पातळी’ असं शोधलं तर हा निबंध सापडणारच नाही, कारण तो शब्दच उरला नाही. आमच्याकडे यादीत हाच घोळ रोज असतो. कुणी ‘भूजल पातळी’ तोडून लिहितं, कुणी ‘भूजलपातळी’ जोडून, कुणी ‘भूगर्भजल’. मी ‘भूजल’ ठेवेन, कायद्यातही तोच शब्द आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९.

पाषाणभेद: ‘भूजल’ बीजशब्दांत आणि सारांशाच्या पहिल्या वाक्यात घालता येईल. पण भरलेल्या विहिरींचा मुद्दा बरोबर आहे. किती आहेत, मृद्गंध?

मृद्गंध: सहा विहिरींमध्ये मेमध्येही फारसा फरक नाही. त्यातल्या चार पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आहेत.

ग्रंथपालीण: बघा. म्हणजे ‘आटणाऱ्या’ हे चोवीसांबद्दल खरं नाही.

अंकगणिती: मग अठराच लिहा. ‘चोवीसपैकी अठरा विहिरी’. आकडा आला शेवटी, माझाच जय.

बांधावरून: ते तलावाखालचं मात्र खरं आहे. आमच्या गावातही तलावाखालच्यांनाच उन्हाळी भुईमूग जमतो. त्यांना शोधनिबंधात घाला, पण नाव छापू नका, नाहीतर सगळे त्यांच्याकडेच टँकर घेऊन जातील.

मृद्गंध: सध्या कागदावर हे आहे : ‘पावसाळ्यानंतर भरणाऱ्या, उन्हाळ्याआधी आटणाऱ्या : अमुक तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या भूजल पातळीतील हंगामी बदल, २००६–२०२३’. ‘भूजल पातळी’ तोडून लिहिलंय, ग्रंथपालीणताई. चोवीस आकडा काढला, तो सारांशात जाईल. सहा विहिरींचं काय करायचं ते ठरलेलं नाही. आणि सरांना ‘चिकित्सक’ हवाच आहे, तो लढा उद्या.

पाषाणभेद: ‘आटणाऱ्या’ला माझी आता हरकत आहे. आटणं म्हणजे कोरडं पडणं. कोरड्या नऊच, बाकी नऊ नुसत्या उतरतात. ‘उतरणाऱ्या’ म्हणा.

तिखटमीठ: ‘उतरणाऱ्या’ने धार गेली.

पाषाणभेद: गेली, खरं आहे.

मृद्गंध: आधी ते रिकामे चौकोन तळाचे आकडे घालून पुन्हा मोजते. कदाचित नऊच्या अकरा निघतील, कारण २०१६ च्या नोंदवहीत दोन ठिकाणी नुसतं ‘गाळ’ असं लिहिलंय. गाळ म्हणजे पाणी होतं की नव्हतं?

पाषाणभेद: टेप ओली येते तोवर पाणी. चिखल लागून आली तर मोजणाऱ्याने काय लिहायचं हे त्याच्यावर. वही कोणाच्या हातची आहे ते बघा, तो भेटला तर त्यालाच विचारा.

तिखटमीठ: आणि तोवर शीर्षक काय?

मृद्गंध: तोवर फाइलचं नाव ‘विहिरी_शेवटचा_खरंच_शेवटचा_४’ आहे.