मदत हवी आहे: ग्रॅच्युइटी + लीव्ह + सेव्हरन्स मिळून साडेबारा लाख येतायत, होमलोनमध्ये टाकू का? शुक्रवारपर्यंत सही करायचीय

तेजू_क:
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. आमच्या कंपनीत आमचा विभागच बंद करतायत, मलाही पत्र दिलंय. सगळं मिळून साधारण साडेबारा लाख येतील असं एचआर म्हणाली. होमलोनचे १६ लाख बाकी आहेत, ८.२५ टक्क्यांनी. डोक्यावरचं ओझं कमी होईल म्हणून सगळे लोनमध्ये भरावे असं मनात आहे. नवरा म्हणतो एफडी कर, भाऊ म्हणतो म्युच्युअल फंड. नक्की काय करू? पत्रावर शुक्रवारी सही करून द्यायचीय.

जुना_बँकर:
लोन भरून टाका, विचार करू नका. ८.२५ टक्के खात्रीचा परतावा टॅक्स जाऊन कुठली एफडी देत नाही. मी रिटायर झाल्यावर पहिलं काम तेच केलं. शिवाय फ्लोटिंग रेट असेल तर प्रीपेमेंटचा दंडही लागत नाही.

दगडफूल:
रिटायर झाल्यावर पेन्शन चालू होती ना तुमची? त्यांची नोकरी गेलीये. आज सगळे पैसे लोनमध्ये भरले आणि उद्या घरात गरज पडली तर तीच बँक पगारपत्रक मागणार. ताई, घरखर्च किती आहे ते सांगा आधी. आणि दुसरी नोकरी आहे का हातात?

एसआयपी_भक्त:
लोन अजिबात भरू नका, इंडेक्स फंडात टाका आणि १५ वर्षं विसरून जा. लोनचं व्याज ८, मार्केट १२, साधा हिशोब आहे.

दगडफूल:
पुढच्या महिन्याचा हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न असताना १५ वर्षं कसं विसरायचं? अवघड आहे तुमचं.

पेरोलवाली:
लोन की फंड हा वाद जरा थांबवा. तेजू, साडेबारा लाख हा आकडा टॅक्सच्या आधीचा की नंतरचा? पत्रात तिन्ही रकमा वेगळ्या दाखवल्यात का? जॉइनिंगची तारीख, लास्ट वर्किंग डे, बेसिक, ग्रॉस आणि शिल्लक रजा एवढं टाका. मी बरीच वर्षं पेरोलमध्ये काम केलंय, एफ अँड एफ म्हणजे नोकरी सोडतानाचा अंतिम हिशोब पहिल्या फटक्यात बरोबर आलेला क्वचितच बघितलाय. पैसे कुठे टाकायचे ते नंतर, आधी पूर्ण मिळतायत का ते बघू.

तेजू_क:
बेसिक ६० हजार, ग्रॉस १ लाख २० हजार. डीए वगैरे नाही. जॉइन ६ ऑक्टोबर २०१४, शेवटचा दिवस ३१ मार्च २०२६. रजा ७५ दिवस. शीटवर ग्रॅच्युइटी ३,३०,०००, लीव्ह १,५०,०००, सेव्हरन्स सहा महिन्यांचा ग्रॉस म्हणजे ७,२०,०००. बेरीज १२ लाख होते, साडेबारा का म्हणाली माहीत नाही. टॅक्सचं काहीच बोलली नाही, पण लीव्ह आणि सेव्हरन्स दोन्हींसमोर टॅक्सेबल लिहिलंय. घरखर्च ४५ हजार, हप्ता २२ हजार वेगळा. नवऱ्याचं फ्रीलान्सिंग आहे, महिने सारखे नसतात. एका ठिकाणी दोन राउंड झालेत, लागलंच तर जुलैपासून.

पेरोलवाली:
आता खरं चित्र दिसलं. एकेक घेते.

ग्रॅच्युइटी चुकलीये. त्यांनी महिन्याला ३० ने भागलंय, कायद्यात २६ आहे. ६०,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ११ केलं की ३,८०,७६९ येतात, म्हणजे जवळपास ५१ हजार कमी दाखवलेत. एचआरला फक्त एवढं लिहा की १५/२६ ने हिशोब करून द्या, त्यावर वाद घालायला जागाच नाही.

दुसरं, तुमची तारीख बघा. ६ ऑक्टोबरला जॉइन आणि ३१ मार्चला बाहेर म्हणजे ११ वर्षं आणि सहा महिन्यांना काही दिवस कमी. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. शेवटचा दिवस १० एप्रिल करून मिळाला तर १२ वर्षं होतात आणि ग्रॅच्युइटी ४,१५,३८५ होते. दहा दिवसांसाठी ३४ हजारांवर पाणी सोडू नका.

तिसरं, लीव्ह एनकॅशमेंट. नोकरीत असताना रजा विकली तर पूर्ण टॅक्स लागतो, पण नोकरी सोडताना मिळाली तर खाजगी नोकरीतही २५ लाखांपर्यंत सूट आहे, बाकीच्या मर्यादांसह. त्या मर्यादा तुमच्या दीड लाखाला आडव्या येत नाहीत. बरेच पेरोलवाले ही सूट फक्त साठीला रिटायर होणाऱ्यांची समजतात. सेव्हरन्स याच वर्षी धरला तर तुम्ही २५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाता, म्हणजे या एका चुकीत ३९ हजार कापले जातील. त्यांनी नाहीच ऐकलं तर रिटर्नमध्ये सूट दाखवून रिफंड घेता येतो, पण पैसे तेवढे महिने अडकतात.

कोकणकडा:
सेव्हरन्सचे ५ लाख पण टॅक्स फ्री असतात ना? माझ्या मेव्हण्याला व्हीआरएस घेतली तेव्हा मिळाले होते.

पेरोलवाली:
व्हीआरएस असेल तर मिळतात, पण त्या योजनेला नियम आहेत आणि ती एकट्यादुकट्यासाठी नसते. दुसरी ५ लाखांची सूट कामावरून कमी केलेल्या कामगाराला आहे. मॅनेजरकडून म्युच्युअल सेपरेशनच्या नावाखाली राजीनामा लिहून घेतला तर यातलं काहीच लागू होत नाही, पूर्ण रक्कम पगारासारखी धरतात.

कोकणकडा:
पण विभागच बंद झाला तर राजीनामा कसला, हा तर सरळ ले-ऑफ. कंपनीने कागदावर काय लिहिलं त्यावर सगळं ठरतं का? प्रत्यक्ष काम काय करत होत्या त्यावर कामगार की नाही ते ठरतं असं मी ऐकलंय.

पेरोलवाली:
हो, हुद्द्याच्या नावावर नाही, कामाच्या स्वरूपावर ठरतं. पण तो वाद घालायचा तर वकील लागेल आणि शुक्रवारपर्यंत होणार नाही. तेजू, हाताखाली माणसं होती का? रजा मंजूर करायचात का?

तेजू_क:
हो, नऊ जणांची टीम होती. रजा, अप्रेझल सगळं माझ्याकडेच.

पेरोलवाली:
मग तुम्हाला कामगार धरणार नाहीत, ती सूट विसरा, पूर्ण ७,२०,००० टॅक्सेबल धरून चला.

मी_अनघा:
नवीन लेबर कोड आलेत ना नोव्हेंबरमध्ये, आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते. ताईंना तर मिळणारच.

दगडफूल:
एक वर्ष फक्त फिक्स्ड टर्मवाल्यांना, कायम कर्मचाऱ्यांना पाचच वर्षं आहेत. ताईंची अकरा झालीयेत, त्यांचा प्रश्न तो नाहीच. बेसिक ग्रॉसच्या निम्मा हवा म्हणतात तोही त्यांचा आहेच.

सुलेखा_ताई:
अगं तेजू, पैशाचं होईल सगळं, पण मेडिक्लेमचं काय? कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स शेवटच्या दिवशी संपतो. माझ्या जावेला बायपास सांगितली तेव्हा भावजींची नोकरी सुटून दोन आठवडे झाले होते, सगळं खिशातून गेलं. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं धरली जातात, पण अर्ज शेवटच्या दिवसाच्या आधी कर. घरात कुणाला बीपी, शुगर आहे का?

तेजू_क:
सासूबाईंना शुगर आहे, त्या माझ्याच ग्रुपमध्ये आहेत. हे डोक्यातच नव्हतं, आजच मेल टाकते. सेव्हरन्सवर मग किती टॅक्स जाईल?

पेरोलवाली:
टॅक्सच्या नवीन पद्धतीत असाल असं धरते. वर्षाचा पगार १४,४०,०००, त्यावर ८८ हजारांच्या आसपास टॅक्स. त्यातच सेव्हरन्स आला की तो २,३०,००० होतो. म्हणजे सेव्हरन्सचे खरे हातात ७,२०,००० नाहीत, ५,७८,०००.

आता तोच सेव्हरन्स एप्रिलमध्ये देय झाला तर तो पुढच्या वर्षात जातो. त्या वर्षी दहा दिवसांचा पगार ४० हजार आणि सेव्हरन्स मिळून ७,६०,०००, तिथे टॅक्स शून्य. १,४२,००० वाचले. पण नुसते पैसे उशिरा दिले तर उपयोग नाही, मार्चमध्ये देय झाले असतील तर मार्चमध्येच धरतात. पत्रात शेवटचा दिवस आणि देय तारीख दोन्ही एप्रिलच्या हव्यात.

दगडफूल:
थांबा, त्यांना जुलैपासून नोकरी लागू शकते म्हणाल्यात. मग पुढचं वर्षही भरलेलंच असणार ना?

पेरोलवाली:
बरोबर धरलंत, मी नोकरी लागत नाही धरून सांगितलं. एवढ्याच पगारावर जुलैपासून लागली तर नऊ महिन्यांचे १०,८०,००० आणि आधीचे ७,६०,०००, एकूण १८,४०,०००, टॅक्स १,५९,०००. सेव्हरन्स त्या वर्षात नसता तर टॅक्स शून्य होता. म्हणजे एप्रिलमध्ये घेतला तर या वर्षीच्या १,४२,००० पेक्षा १७ हजार जास्तच जातात. ऑक्टोबरपासून लागली तर ९४ हजार जातील, म्हणजे ४८ हजार वाचतील. सगळं जुलैवर अवलंबून आहे आणि ते मला सांगता येत नाही.

कोकणकडा:
मग तारीख तशीच ठेवा, कशाला झंझट.

पेरोलवाली:
नाही, तारीख पुढे न्यायचीच. एक वर्ष ग्रॅच्युइटी वाढते, वाईटात वाईट धरलं तरी १७ हजार टॅक्सपुढे ३४ हजार आहेत आणि ती पूर्ण करमुक्त आहे. शिवाय ग्रुप इन्शुरन्सही दहा दिवस पुढे जातो. एप्रिलमध्ये घेऊन नंतर नोकरी लागलीच तर नव्या कंपनीला जुन्या कंपनीचं उत्पन्न नक्की कळवा, नाहीतर दोघीही कमी कापतात आणि मार्चमध्ये एकदम भरावे लागतात. सीएकडे पण चौकशी करा, एकरकमी भरपाईवर थोडा दिलासा बसतो का ते ते बघतील.

जुना_बँकर:
मी अजूनही म्हणेन लोन भरा. व्याज चालूच राहतंय.

दगडफूल:
काका, खर्च आणि हप्ता मिळून ६७ हजार महिन्याला, बारा महिन्यांचे ८ लाख होतात. त्यांच्या हातात टॅक्स जाऊन जेमतेम ११ येणार. नोकरी लागेपर्यंत ८ लाख मोडता येतील अशा एफडीत, आणि उरलेल्यात पहिला मेडिक्लेम. लोनचं नोकरीनंतर, फारच वाटत असेल तर तुमच्या बँकेत लोन ओव्हरड्राफ्टसारखं करून मिळतं का विचारा, भरलेले पैसे परत काढता येतात त्यात.

तेजू_क:
अपडेट: एचआरने २६ चं लगेच मान्य केलं, लीव्हचं पेरोलला विचारून सांगते म्हणाली. १० एप्रिलसाठी वरिष्ठांची परवानगी लागेल म्हणे. पण पत्रात एक ओळ आहे की सेव्हरन्समध्ये सर्व वैधानिक देणी समाविष्ट आहेत. याचा अर्थ काय?

पेरोलवाली:
सही करू नका त्यावर. त्या ओळीचा आधार घेऊन ग्रॅच्युइटी सात लाख वीस हजारातच धरली असं म्हणू शकतात. ग्रॅच्युइटी, रजा आणि सेव्हरन्स प्रत्येकाची वेगळी रक्कम लिहून, ती ओळ काढून पत्र परत मागा. शुक्रवार त्यांचा आहे, तुमचा नाही.

एसआयपी_भक्त:
आणि पीएफ काढू नका हां!